नोकरीवर परतताना अंगावरच्या दुधाची व्यवस्था: काढणं, साठवणं, गोठवणं आणि बाळापर्यंत पोचवणं

बाळंतपणाची रजा संपत आली की बऱ्याच आया फ्रीजर दुधाच्या पिशव्यांनी भरायच्या मागे लागतात. पंधरा-वीस दिवसांचा साठा हवा असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि तेवढा जमत नाही म्हणून दूध पुरणारच नाही अशी भीती मनात बसते. इतक्या साठ्याची गरज नसते. नोकरीच्या पहिल्या दिवसापुरतं दूध आणि हाताशी आणखी एक-दोन दिवसांचं, एवढं पुरतं. त्यानंतर आज ऑफिसात काढलेलं दूध उद्या बाळ पितं, उद्याचं परवा. हे चक्र नीट चाललं की फ्रीजर फक्त अडीअडचणीसाठी उरतो. सगळी व्यवस्था याच चक्राभोवती लावायची आहे.

खालची माहिती पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहे. बाळ कमी दिवसांचं असेल, आजारी असेल किंवा तुम्हाला एखादं औषध चालू असेल, तर साठवणुकीचे नियम आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. अशा बाळांसाठी ते जास्त कडक असतात.

किती दूध लागेल?

एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध पितं. कुणी ६०० मिली पितं, कुणी ९००. वरच्या दुधावरच्या बाळाचं प्रमाण महिन्यागणिक वाढत जातं, अंगावरच्या दुधाचं या काळात फारसं वाढत नाही, म्हणून पावडरच्या डब्यावरचा तक्ता इथे लावू नका. आई घराबाहेर असेल त्या प्रत्येक तासाला ३० ते ४५ मिली, असा हिशेब सोपा पडतो.

एक उदाहरण घेऊ. बाळ पाच महिन्यांचं आहे. आई डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टात. सकाळी पावणेआठला बाळाला पाजून ती आठला निघते आणि संध्याकाळी सातला घरी येते. म्हणजे ११ तास. तासाला ३० मिली धरले तर ३३० आणि ४५ धरले तर साधारण ५०० मिली. मधला आकडा घेऊन ४२० मिलीची तयारी ठेवायची, म्हणजे ६० मिलीचे सात भाग.

६० मिलीच का, तर एकदा बाळाने प्यायला सुरुवात केली की उरलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं, नाहीतर ओतून द्यावं लागतं. बाळाची लाळ त्यात गेलेली असते. १५० मिलीची पिशवी उघडून बाळाने ७० मिली घेतलं, तर ८० मिली वाया जातं. ६०चे दोन भाग ओळीने देता येतात, आणि दुसरा लागला नाही तर तो फ्रीजमध्ये तसाच राहतो.

पंप आणि त्याचे भाग

ऑफिसात दिवसाला तीन वेळा दूध काढायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी काढणारा विजेवरचा पंप घ्या. वेळ निम्मा लागतो, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सुट्टीत तेच जमतं. अर्धवेळ नोकरी असेल आणि दिवसातून एकदाच काढायचं असेल तर हाताने दाबायचा साधा पंपही पुरतो. दूध मोटरकडे किंवा नळीत जाऊ नये म्हणून मधे पडदा असलेला, म्हणजे बंद रचनेचा पंप निवडा. तो स्वच्छ ठेवणं सोपं जातं. दुसऱ्या बाईने वापरलेला पंप घेणार असाल तर ही गोष्ट आधी तपासा. बंद रचना नसेल तर तो घेऊ नका.

पंप चांगला असूनही दूध येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा फनेलच्या मापात सापडतं. स्तनावर बसणारा हा नरसाळ्यासारखा भाग, त्याला फ्लँज म्हणतात. पेटीत बहुधा २४ मिमीचा येतो, आणि पुष्कळ बायकांना तो मोठा होतो. स्तनाग्राच्या बुडाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, भोवतालचं काळसर वलय त्यात धरू नका. त्यात १ ते ३ मिमी मिळवले की तुमचं माप. रुंदी १७ मिमी असेल तर १८ ते २० मिमीचं फनेल शोधायचं. फनेल लहान असेल तर स्तनाग्र नळीच्या कडेला घासतं, दुखतं, पंप काढल्यावर पांढरं पडलेलं दिसतं. मोठं असेल तर काळसर वलयही आत ओढलं जातं, त्यावर गोल वळ उठतो आणि दूध थेंबाथेंबाने येतं. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असू शकतात.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे फनेलखालचा रबरी व्हॉल्व्ह, बदकाच्या चोचीसारखा. दूध खाली पडू देणं आणि हवा वर येऊ न देणं हे त्याचं काम. रोज तीन वेळा वापरल्यावर दीड-दोन महिन्यांत त्याची चीर सैल होते. मोटरचा आवाज पहिल्यासारखाच येतो, पण ओढ कमी होते आणि दूध घटतं. बाईला वाटतं आपलंच दूध आटलं. दूध अचानक कमी झालं तर सगळ्यात आधी व्हॉल्व्ह उजेडात धरून पाहा. चीर न दाबता उघडी दिसली किंवा कडा फाटली असेल तर बदला. एक जोडी जास्तीची आणून ठेवा.

दूध काढण्याची रीत

साबणाने हात धुवा. पाठ टेकून बसा, पुढे वाकू नका. एक-दोन मिनिटं स्तनांना हलक्या हाताने मालिश करा, मग फनेल मधोमध बसवा. पहिली दोन मिनिटं पंप जलद आणि हलक्या ओढीवर ठेवा. बाळही दूध यायच्या आधी असंच भराभर चोखतं. पान्हा फुटला की थेंबांच्या जागी धारा दिसतात, काहींना स्तनात मुंग्या आल्यासारखं वाटतं. आता ओढ संथ आणि थोडी जोराची करा. जोर किती ठेवायचा, तर जेवढा न दुखता सहन होईल तेवढा. त्याहून वाढवल्याने दूध जास्त येत नाही, उलट दुखण्यामुळे पान्हा अडतो. धार थांबली की पुन्हा दोन मिनिटं जलद ओढ लावा, बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. एकूण १५ ते २० मिनिटं. शेवटी धार मंदावल्यावर स्तन हाताने हलके दाबा, कारण शेवटच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो.

बाळाचा व्हिडिओ पाहिला, त्याचं अंगडं नाकाजवळ धरलं की अनेकींना पान्हा लवकर फुटतो. बाटलीतल्या रेघांकडे पाहत बसल्यावर मात्र तो लांबतो. म्हणून बाटल्यांवर मोजे चढवतात, आणि त्याचा खरंच उपयोग होतो.

हाताने पिळायलाही शिकून ठेवा. बॅटरी संपते, नळी घरी राहते. अंगठा वरच्या बाजूला, दोन बोटं खालच्या बाजूला, स्तनाग्रापासून साधारण ३ सेमी मागे ठेवा. आधी छातीकडे आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत. एका जागेची धार थांबली की बोटं गोल फिरवत पुढच्या जागी न्या.

रजा संपायच्या आधीचे तीन आठवडे

रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी दिवसातून एकदाच दूध काढायला लागा. सकाळचं पहिलं पाजणं झालं की अर्ध्या-एक तासाने. पहाटे आणि सकाळी दूध सहसा जास्त असतं. बाळ नुकतंच प्यायलेलं असल्यामुळे यावेळी ३० ते ६० मिलीच येईल, आणि ते अगदी ठीक आहे. बाळाच्या जागी काढलेलं हे दूध नाही, त्याच्या वरचं आहे. पहिले तीन-चार दिवस यापेक्षाही कमी येईल, पण रोज त्याच वेळी काढत राहिलं की शरीर ती मागणी ओळखतं. दिवसाला सरासरी ६० मिली धरले तर २१ दिवसांत १,२६० मिली जमतं, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बाळाचे तीन दिवस. एवढं पुरे.

ही जमवाजमव सुरू करण्याआधी एक चाचणी जरूर करा. दुधाचे दोन छोटे भाग गोठवा आणि पाच-सहा दिवसांनी एक वितळवून वास घ्या, चव पाहा, बाळाला देऊन बघा. काही आयांच्या दुधात स्निग्धांशाचं विघटन करणारं लायपेज जोरात काम करतं. साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास आणि चव येते. दूध नासलेलं नसतं, बाळाला चालतं, पण काही बाळं तोंड फिरवतात. लिटरभर साठवल्यावर हे कळलं तर जीव हळहळतो. असं झालं तर ताजं दूध गोठवण्याआधी स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की लगेच उतरवा, उकळी येऊ देऊ नका, आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करा. तापवल्याने दुधातले काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून बाळ नाकारत असेल तरच हे करा. एकदा साबणवास आलेलं दूध मात्र तापवून सुधारत नाही.

साठवणुकीचे काळ आणि आपला उन्हाळा

ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, पण त्यातले २५ अंश नजरेतून सुटतात. एसी ऑफिसात तो लागू पडतो. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपूरच्या दुपारी पंख्याखालच्या खोलीत नाही. अशा वेळी दूध काढल्याबरोबर बर्फात किंवा फ्रीजमध्ये जायला हवं, आणि चुकून तासाभराहून जास्त बाहेर राहिलं तर ते वापरू नये, असं आमचं मत आहे.

फ्रीजमध्ये, ४ अंशांवर, चार दिवस. दूध मागच्या बाजूला, मधल्या किंवा खालच्या फळीवर ठेवा. दाराच्या कप्प्यात कधीच नको, तिथलं तापमान दार उघडेल तसं वरखाली होतं.

फ्रीजरचा काळ मात्र फ्रीजवर अवलंबून असतो. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये, म्हणजे दोन दारी फ्रीजमध्ये, उणे १८ अंशांवर दूध सहा महिने उत्तम राहतं. एकदारी फ्रीजच्या आतल्या छोट्या बर्फाच्या कप्प्यात ते तापमान बहुधा मिळत नाही, आणि तिथे दोन आठवड्यांचीच मर्यादा धरायची. शंका असेल तर आइस्क्रीमचा कप ठेवून पाहा. दुसऱ्या दिवशी चमचा सहज रुतला तर तुमचा फ्रीजर दोन आठवड्यांचा. अशा घरी जमवायला तीन आठवडे आधी लागला असाल, तर पहिल्या आठवड्याच्या पिशव्या रुजू होण्याआधीच वापराव्या लागतील. तिथे दोनच आठवडे आधी सुरुवात करा. १४ दिवसांचे ८४० मिली म्हणजे दोन दिवसांचं दूध, आणि चक्र सुरू करायला ते पुरतं. एकदारी फ्रीजचं डीफ्रॉस्टचं बटण दूध आत असताना कुणी दाबू नये, हे घरात सांगून ठेवा.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो. पिशवीत अजून बर्फाचे कण दिसत असतील तर ती पुन्हा गोठवता येते. पूर्ण वितळली पण गार आहे, तर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरा. कोमट झाली असेल तर टाकून द्या.

गोठवणं

साठवणुकीला दुधासाठीच बनवलेल्या पिशव्या, काचेच्या बाटल्या किंवा तळाला त्रिकोणात ५ हा आकडा असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. पाण्याच्या वापरून झालेल्या बाटल्या आणि किराणा दुकानातल्या साध्या पिशव्या नकोत.

ताजं, अंगाच्या ऊबेचं दूध आधीच्या गार दुधात थेट ओतायचं नाही. त्याने गार दूध कोमट होतं. तासभर फ्रीजमध्ये गार करून मग एकत्र करा, आणि तारीख सगळ्यात जुन्या दुधाची लिहा. पिशवीत दूध भरण्याआधीच तारीख, वेळ आणि प्रमाण लिहा, भरलेल्या पिशवीवर पेन टोचून ती फुटते. गोठताना दूध फुगतं म्हणून वर दोन-अडीच सेमी जागा सोडा, हवा काढून तोंड बंद करा. पिशवी स्टीलच्या ताटात आडवी, सपाट ठेवून गोठवा. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर वितळते, आणि नंतर पुस्तकांसारखी उभी रचता येते. जुनी पुढे, नवी मागे. मटार आणि बर्फाच्या ट्रेपासून वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे कुणी ओढाताण करताना पिशव्यांना भोकं पडणार नाहीत.

वितळवणं आणि कोमट करणं

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आदल्या रात्री पिशव्या फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये आणणं. ६० मिलीची सपाट पिशवी सकाळपर्यंत वितळते. पिशव्या वाडग्यात ठेवा, कारण शिवणीतलं बारीक भोक वितळल्यावरच कळतं. पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत ते दूध संपवायचं. एकदा पूर्ण वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही.

घाई असेल तर बंद पिशवी आधी गार आणि मग कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवा. दहा मिनिटांत काम होतं. ओट्यावर तासन्‌तास ठेवून वितळवू नका, बाहेरचं दूध कोमट होतं तेव्हा मधला गोळा अजून बर्फच असतो.

कोमट करायलाही हीच रीत: वाटीत किंवा बाटलीत ओतलेलं दूध हाताला सोसेल अशा गरम पाण्यात तीन ते पाच मिनिटं. गॅसवर थेट नको, मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच नको. मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखं तापत नाही, वाटी हाताला गार लागते आणि मधला घोट बाळाचं तोंड भाजतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, गरम लागता कामा नये. काही बाळं दूध गारच पितात, त्यांच्यासाठी ही पायरी गाळली तरी चालते. कोमट केलेलं किंवा खोलीत बाहेर राहिलेलं वितळलेलं दूध दोन तासांच्या आत द्यायचं.

साठवलेल्या दुधावर साय तरंगते आणि खाली निळसर, पातळ दूध दिसतं. ते खराब झालेलं नसतं. भांडं हलकेच गोल फिरवलं की साय मिसळते. जोरात हलवलं तर फेस होतो आणि साय कडेला चिकटते. खरोखर नासलेल्या दुधाचा वास गाईच्या नासलेल्या दुधासारखाच आंबट येतो, तो ओळखू येतो.

ऑफिसातला दिवस आणि परतीचा प्रवास

उदाहरणातली आई अकराला, दोनला आणि पावणेपाचला दूध काढते. दोन वेळांत तीन-साडेतीन तासांहून जास्त अंतर गेलं तर दूध तुंबतं, गाठी होतात, आणि दोन-चार आठवड्यांत दूध कमीही होतं. दर वेळी दोन्ही बाजू मिळून १०० ते १५० मिली येणं सर्वसाधारण आहे. १४० मिली गुणिले तीन, ४२० मिली झाले. एखाद्या दिवशी ३६०च आले तर सकाळचं ६० मिली त्यात भर घालतं, म्हणूनच ती सकाळची वेळ रुजू झाल्यावरही सोडू नका.

वेळ मागताना कायदा तुमच्या बाजूने आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५पासून २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, आणि तिच्यानुसारही बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसाला दोन स्तनपानाच्या सुट्ट्या मिळतात. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, अशी तरतूद जुन्या कायद्यात २०१७च्या दुरुस्तीने आली, आणि संहितेतही ती आहे. रुजू होण्याआधीच ईमेलने कळवून जागा ठरवून घ्या. आतून कडी, जवळ विजेचा प्लग आणि टेबल असलेली खोली हवी. स्वच्छतागृहात दूध काढायला सांगितलं तर नकार द्या, ती स्वयंपाक करायची जागा नाही, तशी दुधाचीही नाही.

दूध काढून झालं की पंपाचे दुधाला लागलेले भाग धुवायचे: गार पाण्याखाली विसळा, मग फक्त त्यासाठीच ठेवलेल्या छोट्या टबात गरम साबणाच्या पाण्यात वेगळ्या ब्रशने घासा, पुन्हा विसळा आणि स्वच्छ कापडावर वाळू द्या. ऑफिसच्या सिंकमध्ये थेट ठेवू नका. दिवसाला तीन वेळा धुणं जमत नसेल तर भागांचे तीन संच नेणं हा जास्त चांगला उपाय आहे. घरी आल्यावर पाण्यात बुडवून पाच मिनिटं उकळा. नळ्या धुवायच्या नाहीत. आत वाफेचे थेंब दिसले तर नळी फनेलपासून सोडवून पंप दोन मिनिटं रिकामा चालवा. नळीत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, नळी फेकून द्या.

दूध ऑफिसच्या फ्रीजमध्ये, नाव लिहिलेल्या अपारदर्शक डब्यात. परतीला उष्णतारोधक पिशवी आणि रात्रभर गोठवलेले दोन-तीन जेल पॅक. ते पॅकही दिवसभर ऑफिसच्या फ्रीजरमध्ये राहू द्या. गार दूध मधे, पॅक दोन्ही बाजूंना चिकटून, मोकळी जागा रुमालाने भरलेली, म्हणजे लोकलच्या गर्दीतही दूध गारच पोचतं. पिशवी वाटेत उघडायची नाही. पॅक गोठलेले असतील तर अशा पिशवीत दूध २४ तासांपर्यंत ठेवता येतं, त्यामुळे ऑफिसात फ्रीज नसला तरी अडत नाही. गोठलेलं दूध न्यायचं असेल, माहेरी वगैरे, तर साधा बर्फ नको. बर्फ शून्य अंशांवर असतो आणि गोठलेलं दूध त्याहून खूप थंड, म्हणजे बर्फच त्याला वितळवतो. तिथे जेल पॅक आणि ठासून भरलेली पिशवी हवी.

आठवडा असा फिरतो. रविवारी रात्री नऊला सात गोठलेल्या पिशव्या खाली फ्रीजमध्ये, सोमवारी बाळ त्या पितं. सोमवारचं ताजं दूध मंगळवारी, मंगळवारचं बुधवारी. शुक्रवारचं दूध फ्रीजमध्ये राहून पुढच्या सोमवारी जातं, ते चार दिवसांत बसतं. म्हणजे फ्रीजरमधलं दूध पहिल्या सोमवारीच लागलं. उरलेला साठा जुना होऊ नये म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्यात जुनी पिशवी वापरा आणि तिच्या जागी ताजी गोठवा.

आजी, मावशी किंवा पाळणाघर

पाळणाघरात ताजं, गार दूध ६० मिलीच्या भागांत पाठवा. गोठलेलं पाठवू नका, वितळवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली की चुका होतात. प्रत्येक बाटलीवर बाळाचं पूर्ण नाव, तारीख आणि दूध काढल्याची वेळ, पाण्याने न पुसणाऱ्या पेनाने. तिथे फ्रीज कुठे आहे आणि दुपारी वीज गेल्यावर काय करतात, हे स्वतः जाऊन विचारा. फ्रीज नसेल तर जेल पॅकसह पिशवीच तिथे ठेवा आणि दर वेळी एकच बाटली बाहेर काढायला सांगा.

पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. ते घासायला सोपं, त्यात जंतू लपायला कोपरे नाहीत, आणि बाळ अंगावर प्यायचं सोडत नाही. रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी, आईने दुसऱ्या खोलीत जाऊन, आजीच्या किंवा मावशींच्या हातूनच हा सराव करा. बाळ किंचित भुकेलं असताना, रडायला लागण्याआधी. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, कड खालच्या ओठाला लावायची आणि दूध ओठांपर्यंत आणून थांबायचं. बाळ स्वतः चाटून घेतं, तोंडात ओतायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस अर्धं दूध लाळेऱ्यावर सांडेल. बाटली वापरणार असाल तर तीही आडवी धरा आणि मधेमधे थांबा, नाहीतर बाळ भराभर पितं आणि आईने पाठवलेलं दूध दुपारी दोनलाच संपतं.

फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत हा कागद लावा:

सगळ्यात जुन्या तारखेचं दूध आधी.
एका वेळी एकच ६० मिली. संपलं आणि बाळ अजून मागतंय, तर दुसरं.
कोमट पाण्यात वाटी ठेवून ऊब आणायची. गॅस नाही, मायक्रोवेव्ह नाही.
उरलेलं दोन तासांनी ओतून द्यायचं, परत फ्रीजमध्ये नाही.
दूध कमी पडतंय असं वाटलं तर पाणी, साखर, गाईचं दूध काही न घालता आधी आईला फोन.
किती वाजता किती घेतलं, ते खाली लिहायचं.

चौथी आणि पाचवी ओळ विशेष महत्त्वाच्या. दूध ओतून देताना आजीचा जीव तुटतो, आणि ते साहजिक आहे, कारण ते काढायला किती कष्ट पडले हे त्या पाहत असतात. लहान भाग ठेवण्यामागे हेही कारण आहे हे त्यांना सांगा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला पाणी किंवा गुटीही लागत नाही. सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, नाचणीची पेज सुरू झाली की दिवसाचं दूध हळूहळू कमी होतं, तेव्हा सातऐवजी पाच-सहा भाग पाठवून पाहा.

काही बिघडलं तर

स्तनात दुखरी गाठ आली तर पाजणं किंवा काढणं थांबवू नका. बाळाला त्या बाजूला नेहमीच्या वेळी पाजा, नंतर गार पट्टी ठेवा, मालिश अगदी हलका. रिकामं व्हावं म्हणून जादा पंप करत राहिलं तर सूज वाढते. ताप आला, थंडी वाजली, कातडी लाल झाली आणि दिवसभरात उतरलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

दूध कमी होऊ लागलं तर आधी व्हॉल्व्ह, मग फनेलचं माप, मग मागच्या आठवड्यात मीटिंगमुळे किती वेळा चुकल्या ते मोजा. पाळी सुरू होण्याच्या सुमारास काही दिवस दूध घटतं आणि आपोआप पूर्ववत होतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही घटतं, त्या सुरू करताना अंगावर पाजत असल्याचं डॉक्टरांना सांगा. शनिवार-रविवार पंप बाजूला ठेवून बाळाला मागेल तेव्हा पाजा, सोमवारी फरक दिसतो.

काही बाळं दिवसा आईवाचून जेमतेम १५०-२०० मिली घेतात आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अंगावर पिऊन सगळी कसर भरून काढतात. मावशी काळजीने सांगतात, बाळ दिवसभर काही घेतच नाही. अशा वेळी चोवीस तासांचे लंगोट मोजा. सहा किंवा जास्त वेळा चांगली शू होत असेल, बाळ जागेपणी तरतरीत असेल आणि दर महिन्याचं वजन वाढत असेल, तर त्याला पुरेसं मिळतंय. मग पाठवायच्या बाटल्या कमी करा, आणि रात्री झोपेत पाजता यावं म्हणून दिवसभराची इतर कामं घरात वाटून द्या.